झाड सुरू आहे का?

आज सकाळी माझ्या ख्रिसमस ट्रीला मुंग्या लागल्या. रांग बादलीतून निघून थेट गोठ्यातल्या बाळ येशूपर्यंत. हा उद्योग घरमालक अण्णांचा. विचारलं तर म्हणाले, "गुलाब टिकायला साखर घालतात की. झाडाला घातली तर काय बिघडतंय?"

पण आधी बाजारात काय झालं ते. आमच्या बेळगावात पाइन म्हणून बहुधा सुरूचं झाड गळ्यात मारतात. म्हणून मी विचारलं, "हे सुरू आहे का हो?" दुकानदार म्हणाला, "बंद कशाला असंल, सर? सुरूच हाय!" मी एक काडी ओढली, ती सांध्यासांध्यातून सुटली. सुरूच. पाइनच्या सुया दोन, तीन किंवा पाचच्या जुडीनं येतात, बुडाशी एकत्र धरलेल्या. दुसरं झाड तसं निघालं. सुई वाकवली, मोडली नाही. बुंधा जमिनीवर आपटला तर आतल्या तपकिरी सुयाच तेवढ्या पडल्या. घेतलं.

घरी आल्यावर बुंधा तीनेक सेंटीमीटर कापायला अण्णांची करवत मागितली. झाड तोडल्यावर कापाच्या जागी राळ सुकते, मग पाणी वर चढत नाही.

"पैसे देऊन आणलंय आणि परत कापालायसा?"

"राळ साचलीय, अण्णा."

"मग ड्रिलनं चार भोकं पाडा की."

"भोकांनी पाणी चढत नाही."

"साल तासा."

"पाणी सालीलगतच्या लाकडातनंच वर जातंय, अण्णा. तीच तासू?"

अण्णा गप्प बसले. म्हणजे अर्धा मिनिट. मी बादलीत दगड घातले, त्यावर बुंधा उभा केला, पाणी ओतलं. सात सेंटीमीटरचा बुंधा, पहिल्याच दिवशी जवळजवळ तीन लिटर प्याला. अण्णांनी रेघ मारून मोजलं.

"नळाला पाणी चार दिवसांनी येतंय. आणि मेलेल्या झाडाला रोज तीन लिटर?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण अण्णांचं चुकलं नव्हतं. आम्ही घागरी, कॅन, जुना बॅरल भरून ठेवतो आणि पाहुण्याला चहा विचारताना मनात हिशेब करतो. त्यात वाऱ्यानं सुया वाळतात म्हणून हॉलचा पंखा बंद. दुपारी डिसेंबरातलं ऊन आत येतं, बायको पुठ्ठ्यानं वारा घेते आणि माझ्याकडं बघते.

तर काल आम्ही चर्चला गेलो असताना अण्णांनी पाणी वाचवलं. अर्धी बादली उपसून तुळशीला घातली, उरलेल्यात साखर विरघळवली. साखरेनं बुरशी-जंतू वाढतात, लाकडातल्या नळ्या बुजतात, ते एक वेळ सोडा. पण पाणी दगडांच्या खाली गेलं आणि कापलेलं टोक रात्रभर कोरडं पडलं. पुन्हा राळ.

बादली धुतली, साधं पाणी भरलं, रेघ मारली. दुपारपर्यंत रेघ जागची हलली नाही.

आता परत कापायला हवं. करवत अण्णांकडं आहे.