पाच पेपरांची नावं नकोत, एक प्रश्न हवा

"सर, तुम्ही सांगितलं म्हणून मी चार गाईडना मेल केले. प्रत्येकात त्यांच्या पाच पेपरांची नावं घातली, 'कधीही उपलब्ध आहे' असंही लिहिलं. एकाचंही उत्तर नाही. पुण्यात गाईड ओळखीनेच मिळतो, हे सरळ सांगा की! – भूजलावर पीएचडी करू पाहणारा, नोकरी हिंजवडी"

तुमचा राग मी समजू शकतो. आधी जागांचं सांगतो, कारण गाईडना थेट मेल करा असं सांगणाऱ्या माझ्या आधीच्या लेखात ते यायलाच हवं होतं. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 पीएचडी विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षंही उरली नसतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. त्यामुळे "तुमच्याकडे यंदा जागा आहे का?" हे मेलच्या सुरुवातीलाच विचारा. नसेल तर निदान एका ओळीत उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

आता पेपरांबद्दल. मीही गाईड आहे. शीर्षकांची यादी दिसली की मला एवढंच कळतं, मुलाने माझं वेबपेज उघडलं होतं. एकच पेपर घ्या, त्यातली मोजणीची पद्धत दोनदा वाचा आणि कुठे अडलात ते लिहा. समजा पेपरात विहिरींची पातळी मे आणि ऑक्टोबर अशी दोनदाच मोजली आहे, आणि त्या फरकावरून पुनर्भरण, म्हणजे पावसाचं किती पाणी जमिनीत मुरलं ते, काढलं आहे. तर असं लिहा:

"आपल्याकडच्या काळ्या कातळात वरचा झिजलेला थर पावसात लवकर भरतो आणि बरंचसं पाणी ओढ्यांना निघून जातं. मग ऑगस्टमध्ये चढलेली पातळी ऑक्टोबरपर्यंत उतरलेली असेल, तर पुनर्भरण कमी मोजलं जातं का? जून ते ऑक्टोबर दहा विहिरी दर आठवड्याला मोजल्या तर हे तपासता येईल असं वाटतं."

असा मेल आला तर मी त्याच दिवशी उत्तर देईन. प्रश्न चुकीचा निघाला तरी देईन, कारण मुलाने विहिरीत डोकावून विचार केला आहे, हे त्यात दिसतं.

"कधीही उपलब्ध" हे मात्र काढाच. नोकरी करणारा माणूस कधीही मोकळा नसतो, हे वाचणाऱ्याला माहीत असतं, आणि मग बाकीच्या मेलवरचाही विश्वास उडतो. त्याऐवजी लिहा: "अर्धवेळ पीएचडी करायची आहे. शनिवार-रविवार पूर्ण आणि बुधवारी संध्याकाळी सातनंतर, असे आठवड्याला 16 तास देऊ शकतो. पावसाळ्यात विहिरी मोजायला रविवारी जाईन. मार्चअखेर ऑफिसचं काम जास्त असतं, तेव्हा निम्मेच तास मिळतील." अर्धवेळसाठी कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं. ते मिळालंय की मागितलंय, तेही एका वाक्यात सांगा. या पत्रावर अडून परत गेलेले दोन चांगले विद्यार्थी मी पाहिले आहेत, म्हणून आग्रह धरतोय.

त्या चौघांना दोन आठवड्यांनी त्याच मेलखाली, प्रत्येकाच्या एका पेपरावरचा प्रश्न घालून पुन्हा लिहा. पाठवण्याआधी मसुदा मला दाखवायचा असेल तर इथेच टाका, मी वाचतो.