“पिल्लू” गेलं, “ऐक ना” राहिलं का?

“हल्ली मला पिल्लू म्हणतच नाही” अशी तक्रार केली की दोन ठरलेले सल्ले मिळतात. एक, “शब्दांत काय ठेवलंय?” दुसरा, “नक्की काहीतरी शिजतंय.” दोन्ही सल्ले देणाऱ्यांनी चॅट उघडून पाहिलेलं नसतं.

शब्दांत काही नसतं असं नाही. संवादाच्या अभ्यासक कॅरल ब्रुएस आणि ज्युडी पिअर्सन यांनी १९९३ मध्ये विवाहित जोडप्यांच्या खासगी शब्दांवर, लाडाच्या नावांसकट, अभ्यास प्रसिद्ध केला. समाधानी जोडप्यांत असे शब्द जास्त सापडले. पण सर्वांत जास्त कुणाकडे, तर नुकतं लग्न झालेल्या, मूल नसलेल्यांकडे. पुढच्या टप्प्यांत ते कमीच होते. म्हणजे नाव विरळ होणं हे बऱ्याचदा नुसतं वय असतं, नात्याचं.

म्हणून माझं मत असं, की नाव गेलं का हे मोजू नका, त्याच्या जागी काय आलं ते बघा.

समजा, ती त्याला “पिल्लू” म्हणते. चॅटमध्ये तो शब्द शोधा आणि दोन काळ निवडा: सगळं नेहमीसारखं होतं तेव्हाचे चार आठवडे आणि आत्ताचे चार. आठवणीवर विसंबू नका. एकदा शंका आली की न आलेलं “पिल्लू” तेवढं टोचतं, आलेलं नजरेतून सुटतं. धरा, तेव्हा ३१ वेळा होतं, आता ४ वेळा. घाबरण्याजोगा आकडा. पण ते ३१ होते कुठे? त्यातले २२ सकाळच्या “गुड मॉर्निंग पिल्लू”मध्ये. मधल्या काळात तिची कामाची वेळ बदलली, सकाळचा मेसेजच बंद झाला आणि नाव त्याच्यासोबत गेलं. नाव बहुतेक वेळा एखाद्या ठरलेल्या वाक्याला चिकटलेलं असतं; वाक्य हललं की तेही पडतं.

आता दुसरी मोजणी. तिने आपणहून, काही काम नसताना, किती वेळा बोलणं सुरू केलं? “ऐक ना, आज काय झालं माहितीये”, एखादा फोटो, “जेवलास?” हे तेव्हा १८ आणि आता १७ असेल तर विषय संपला. हेच १८ वरून ३ वर आलं असेल आणि त्याच्या लांबलचक मेसेजला “ओके”, “बघू” एवढंच येत असेल, तर काहीतरी बदललंय. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या नवविवाहितांवरच्या अभ्यासात याच गोष्टीचा फरक दिसला होता. सहा वर्षांनंतरही एकत्र राहिलेली जोडपी सुरुवातीला जोडीदाराच्या अशा छोट्या हाकांना ८६ टक्के वेळा प्रतिसाद देत होती, वेगळी झालेली ३३ टक्के. हाक कुठल्या नावाने मारली हा प्रश्नच नव्हता.

मात्र बदल दिसला तरी कारण कळत नाही. ती मैत्रिणींशी, घरच्यांशीही तुटक बोलतेय का? तसं असेल तर थकवा, आजारपण, उदास मन हे आधी डोक्यात यायला हवं. फक्त त्याच्याशीच तुटक असेल तर रुसवा किंवा दुरावा. (हे कळायला तिचा फोन तपासायचा नाही. चारचौघांत दिसतं तेवढं पुरे.) कधी कारण अगदी क्षुल्लक असतं: कुणीतरी ते नाव वाचून हसलं आणि तिला लाज वाटली.

आणि तिसरी मोजणी, जी सहसा कुणी करत नाही: त्याचं स्वतःचं “राणी”. ते २० वरून २ वर आलेलं असतं, आणि तारखा लावल्या तर तिच्या आठवडाभर आधी. माणसं एकमेकांची बोलण्याची ढब नकळत उचलतात, एकाने हात आखडला की दुसराही आखडतो, आणि मग दोघेही समोरच्यानेच सुरुवात केली म्हणून फुगून बसतात. “मीही म्हणणार नाही, बघू लक्षात येतं का” ही परीक्षा म्हणूनच फसते. आपणच मोजायची वस्तू हलवलेली असते.

विचारायचं तर मेसेजवर नको, समोर बसून, भांडण चालू नसताना. “तू मला पिल्लू का म्हणत नाहीस?” असं विचारलं की दुसऱ्या दिवसापासून “पिल्लू” हजर होतं, पण हजेरी लावल्यासारखं. मग त्या शब्दावरून काहीच ओळखता येत नाही, खरं आलं की सांगितलं म्हणून आलं ते. त्यापेक्षा नाव बाजूला ठेवून दिसलेलं सांगा: “महिनाभर आपण कामापुरतंच बोलतोय असं वाटतंय. तुला कसं वाटतंय?” आणि मग गप्प बसा. “काही नाही रे” आलं तरी लगेच चॅटमधले आकडे काढू नका. ते तुमची शंका तपासायला होते, तिची उलटतपासणी घ्यायला नव्हे.