ऑगस्टच्या विवरणपत्राविषयीच्या अभिप्रायास उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (एक तारा): «दर महिन्याला फी वेळेवर घेतात, पण ऑगस्टचा जीएसटी उशिरा भरला गेला. दंड आणि व्याज आमच्या खिशातून. कोल्हापूरच्या एका बिलाचं क्रेडिटही सोडून दिलं. विचारलं की सीएकडे बोट दाखवतात.»

आदरणीय महोदय,

आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करते. गणपतीच्या हंगामानंतर माल, उधारी आणि देणी यांचा मेळ घालताना दुकानदाराची किती दमछाक होते, हे मालवणच्या बाजारपेठेतील हिशेब लिहिताना मी दरवर्षी पाहते. मात्र आपला अभिप्राय वाचून इतर दुकानदार मला काम द्यायचे की नाही ते ठरवतील, आणि माझे घर याच कामावर चालते, म्हणून तारखांविषयी सविस्तर लिहिणे मला भाग आहे. आपल्या वहीतले आकडे मी चव्हाट्यावर मांडणार नाही. खाली जे आकडे आहेत ते केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत.

काम सुरू करताना आपल्याला जो कागद दिला होता, त्यात महिन्याचा क्रम लिहिलेला आहे. मागील महिन्याची खरेदीची बिले आणि बँकेचे स्टेटमेंट ५ तारखेपर्यंत माझ्याकडे यावे. विक्रीचा गोषवारा मी काउंटरवरच्या बिलिंगमधून काढून सीएंकडे पाठवते आणि त्यावरून ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ भरला जातो. १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होतो, म्हणजे आपल्या पुरवठादारांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी. ती एक्सेलमध्ये उतरवून मी टॅलीतील खरेदीशी बिलागणिक ताडून पाहते आणि १७ तारखेपर्यंत सीएंना फाइल देते. जीएसटीआर-३बी भरण्याची शेवटची तारीख २० असते, त्यामुळे मधले तीन दिवस तपासणीसाठी आणि चलन भरण्यासाठी मोकळे राहतात.

ऑगस्टचा जीएसटीआर-१ वेळेत गेला, याचा उल्लेख आपल्या अभिप्रायात नाही. खरेदीची बिले मात्र माझ्याकडे १६ तारखेला संध्याकाळी आली, आणि तीही एका प्लास्टिकच्या पिशवीत. त्यातली बरीचशी थर्मल कागदावरची होती आणि पावसाळी दमट हवेत त्यांवरची छपाई उडाली होती. काहींवर पुरवठादाराचे नाव दिसत होते, पण बिल क्रमांक दिसत नव्हता, काहींवर नुसती रक्कम उरली होती. बिल क्रमांक आणि पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक असल्याशिवाय २बीशी ताळा घालता येत नाही. म्हणून कणकवली आणि कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांना फोन करून मी व्हॉट्सअ‍ॅपवर प्रती मागवल्या, त्या दोन दिवसांत आपल्याकडची वीज वारंवार जात असतानाही नोंदी पूर्ण केल्या आणि १९ तारखेला रात्री फाइल सीएंकडे पोहोचवली. त्यांनी २० तारखेला सकाळी विवरणपत्र तयार करून ठेवले. उरला होता फक्त ओटीपी. तो पोर्टलवर नोंदवलेल्या मोबाईलवर आणि ईमेलवर येतो, आणि आपल्या नोंदणीतील ही दोन्ही मुंबईत असतात. ओटीपी आणि चलनाची रक्कम २४ तारखेला मिळाली आणि विवरणपत्र त्याच दिवशी दाखल झाले. पोर्टलचा पासवर्ड वा ग्राहकाचे सिमकार्ड मी स्वतःजवळ ठेवत नाही, ठेवणारही नाही, कारण ओटीपी ही दुकानाच्या मालकाची सही आहे.

चार दिवसांच्या उशिरामुळे जे पैसे गेले त्याचा हिशेब असा असतो. कर देय असलेल्या विवरणपत्रावर विलंब शुल्क दिवसाला ₹५० असते, केंद्राचे ₹२५ आणि राज्याचे ₹२५. म्हणजे चार दिवसांचे ₹२००, आणि ते पुढच्या महिन्याच्या ३बीमध्ये दिसते. व्याज वार्षिक १८ टक्के दराने रोखीने भरायच्या करावर लागते. समजा ₹९,००० भरायचे असतील तर चार दिवसांचे सुमारे ₹१८ होतात. रक्कम मोठी असो वा लहान, आपले कष्टाचे पैसे विनाकारण जाऊ नयेत असेच मलाही वाटते, पण बिले ५ तारखेला आली असती तर ओटीपीसाठी धावपळ करायला पुरेसे दिवस हातात राहिले असते, हेही तितकेच खरे आहे.

कोल्हापूरच्या बिलाविषयीचा आरोप मला सर्वांत जास्त लागला. समजा रोषणाईच्या माळांचे बिल ₹४७,२०० आहे, त्यात माल ₹४०,००० आणि १८ टक्क्यांनी कर ₹७,२००. माल आपल्या दुकानात आला, बिल खरे आहे, टॅलीत नोंदही झाली, तरीही ऑगस्टच्या २बीमध्ये ते बिल नव्हते. याचे कारण तो व्यापारी तिमाही विवरणपत्र भरतो. अशा व्यापाऱ्याने मधल्या महिन्याची बिले पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत पोर्टलवरच्या ऐच्छिक सुविधेतून चढवली नाहीत, तर ती थेट तिमाहीच्या शेवटीच दिसतात. जुलै ते सप्टेंबरचे त्याचे विवरणपत्र १३ ऑक्टोबरपर्यंत भरले जाते, म्हणून आपले बिल १४ ऑक्टोबरला तयार झालेल्या सप्टेंबरच्या २बीमध्ये आले आणि ते क्रेडिट आपल्याला सप्टेंबरच्या ३बीमध्ये मिळाले. ते सोडून दिलेले नाही, एक महिना पुढे गेले. पुढील आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंत ते घेता आले असते, अर्थात त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरले गेले नाही तरच. जे बिल २बीमध्ये नाही त्याचे क्रेडिट कायद्याने घेता येत नाही, आणि «टाकून द्या, बघू पुढे» असे म्हटल्याने ते मी यादीत टाकू शकत नाही.

सीएंकडे बोट दाखवण्याविषयीही लिहायलाच हवे. न जुळलेली बिले मी एका वेगळ्या पानावर काढते, प्रत्येकापुढे कारण लिहिते आणि ते पान सीएंना देते. क्रेडिट घ्यायचे की थांबायचे, हा निर्णय त्यांचा. विवरणपत्र भरणे, नोटिशीला उत्तर देणे आणि आयकराचा सल्ला देणेही त्यांचेच काम. मी हिशेब लिहिणारी आहे, करसल्लागार नाही. आपण कराचा प्रश्न विचारलात तेव्हा मी «सीएंना विचारा» म्हटले, ते अंग झटकण्यासाठी नव्हे, तर माझ्या चुकीच्या सल्ल्याचा भुर्दंड आपल्याला पडू नये म्हणून. त्या महिन्याचे ते पान माझ्याकडे आणि सीएंकडेही आहे. आपण कधीही पाहू शकता.

यापुढे बिलांची आठवण मी आणखी लवकर करीन, आणि थर्मल बिलांचे फोटो माल उतरताच पाठवण्याची काही सोय करता येईल का तेही पाहते. आपल्याकडून मात्र एक काम व्हायला हवे: पोर्टलवरचा मोबाईल क्रमांक आणि ईमेल बदलून दुकानात राहणारा क्रमांक नोंदवण्यासाठी सीएंना कृपया या आठवड्यातच सांगावे, म्हणजे येत्या २० तारखेला ओटीपी मालवणातच येईल.

आपली विश्वासू,
हिशेब लेखन सेवा, मालवण