फुटपाथ दोन मीटर पुढे आणा

म्हाताऱ्या बाई रस्त्याच्या मध्यावर असतानाच हिरवा माणूस लुकलुकायला लागतो आणि मागून कोणीतरी म्हणतं, "आजी, जरा भराभर चला." मला या वाक्याचा मनापासून राग येतो. आजींची चाल ठीकच आहे हो, चुकलंय ते सिग्नलचं गणित.

हे गणित साधं आहे. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं अनेक देशांत धरतात. म्हणजे १४ मीटरच्या रस्त्याला १२ सेकंद पुरे. पण इंग्लंडमध्ये ६५ वर्षांपुढच्या लोकांची चाल मोजली, तेव्हा सरासरी पुरुषांची ०.९ आणि बायकांची ०.८ मीटर निघाली. बायकांच्या या वेगाने १२ सेकंदांत साडेनऊ मीटर होतात. उरलेले साडेचार मीटर, म्हणजे अख्खी एक लेन, गाड्या सुटायच्या बेतात असताना पार करायची!

सिंगापूरने २००९ पासून यावर एक उपाय केलाय. ज्येष्ठांनी आपलं कार्ड सिग्नलच्या खांबावर टेकवलं की हिरवा दिवा काही सेकंद जास्त राहतो. चांगलंच आहे, पण लहान मुलाकडे कार्ड कुठून येणार?

आणि मुलाची अडचण वेळेची नसतेच, उंचीची असते. तीन वर्षांचं मूल जेमतेम ९५ सेंटिमीटरचं. कडेला उभ्या केलेल्या गाडीआड ते पूर्ण झाकलं जातं. त्याला येणारी गाडी दिसत नाही आणि ड्रायव्हरला ते दिसत नाही.

म्हणून मला सगळ्यात पटतो तो उपाय म्हणजे क्रॉसिंगपाशी फुटपाथच दोन्ही बाजूंनी दोन-दोन मीटर पुढे आणणं. तिथे एरवी गाड्याच उभ्या असतात, त्यामुळे वाहत्या लेन कमी होत नाहीत. रस्ता १४ चा १० मीटर होतो. आता ०.८ च्या चालीला साडेबारा सेकंद लागतात, म्हणजे सिग्नल जवळपास आहे तसाच पुरतो. मूल गाड्यांच्या आड न राहता त्यांच्या पुढे, उघड्यावर उभं असतं.

वाढलेल्या जागेत एक बाक बसतो. तो साधारण ४५ सेंटिमीटर उंच हवा, पाठ हवी आणि हात टेकायला दांडे हवेतच. गुडघे दुखणारा माणूस दांड्यावर जोर देऊनच उठतो. नुसता दगडी कट्टा केला तर तो तिथे बसायचंच टाळतो.

बसथांब्यालाही हेच लागू पडतं. फुटपाथ पुढे आला की बसला आत वळावं लागत नाही, ती कडेला चिकटून उभी राहते. नाहीतर लो-फ्लोअर बस घेऊनही ती मीटरभर लांब थांबते, आणि आधी रस्त्यावर उतरून मग वर चढावं लागतं. आजीलाही आणि नातवालाही.

एक गोष्ट मात्र हमखास बिघडते, ती म्हणजे पाणी. फुटपाथ पुढे ओढला आणि गटाराचं तोंड जुन्याच जागी राहिलं, तर फुटपाथवरून रस्त्यावर यायला जो उतार करतात, नेमकं त्याच्या पायथ्याशी डबकं साचतं. म्हणून उतार बांधायच्या आधी पाण्याची वाट ठरवायला हवी. पहिल्या पावसानंतर तिथे जाऊन पाहिलं की काम नीट झालंय की नाही ते लगेच कळतं.