ड्रायरचे नऊ लाख: एका प्रतिक्रियेला उत्तर

"नवीन मशीन घेतलंच नाही, जुन्याच ड्रायरची दुरुस्ती केली. पैसा याच वर्षी खिशातून गेला, मग तो सहा वर्षांवर कशाला पसरायचा? नऊ लाख एकदम खर्चात टाकले, टॅक्स वाचला. कागदावर नफा फुगवून कोणाचं भलं होणार?" – लातूरचा एक डाळमिलवाला

नमस्कार. पैसा याच वर्षी गेला हे खरंच आहे, पण नफा काढताना पैसा कधी गेला हे बघत नाहीत. त्या पैशाचा उपयोग कोणत्या वर्षांत होणार हे बघतात. तुमच्या ड्रायरचा सांगाडा, ब्लोअर आणि गरम हवेच्या नळ्या नव्या बसल्या. पुढची सहा वर्षं तूर त्यावर वाळणार आहे.

हिशेबासाठी गोल आकडे धरतो. बिल 9 लाख 40 हजारांचं. त्यातले 40 हजार पट्टे, बेअरिंग आणि रंगकामाचे. ते दरवर्षीचंच काम, म्हणून खर्चातच राहतील. एमरी रोलचा लेप, चाळण्या, मोटारीचं वायंडिंग हेही तसंच. पुढची अनेक वर्षं उपयोगी पडणारा खर्च भांडवली, आणि मशीन आहे त्या स्थितीत चालू ठेवणारा खर्च महसुली. रक्कम मोठी म्हणून तो भांडवली होत नाही, आणि बिलावर 'दुरुस्ती' लिहिलं म्हणून भांडवली खर्च महसुलीही होत नाही.

उरले 9 लाख. काम एप्रिलच्या सुरुवातीलाच संपलं आणि हे 9 लाख सोडून मिलचा नफा दरवर्षी 12 लाख आहे, असं समजू. सगळं एकदम खर्चात टाकलं तर यंदा नफा 3 लाख, आणि पुढची पाच वर्षं 12-12 लाख. भांडवली धरून सहा वर्षांत समान घसारा लावला तर दरवर्षी दीड लाख जाऊन 10 लाख 50 हजार. सहा वर्षांची बेरीज दोन्हीकडे 63 लाखच. म्हणजे नफा फुगवण्याचा प्रश्नच नाही. उलट तुमच्या पद्धतीत यंदाचा नफा साडेसात लाखांनी कमी दिसतो आणि पुढची पाच वर्षं दरवर्षी दीड लाखाने जास्त. फुगवटा खरं तर तिथे आहे.

त्याचा फटका कुठे बसतो ते सांगतो. समजा, मिल दोघा भावांची, निम्मी-निम्मी भागीदारी. यंदा 31 मार्चला थोरले बाहेर पडले आणि हिशेब ताळेबंदावरून मिटवला. खऱ्या नफ्यात त्यांचा वाटा सव्वापाच लाखांचा, पण पुस्तकात दीड लाखच दिसतो. ड्रायरमध्ये अजून साडेसात लाखांचं मोल शिल्लक आहे, ते ताळेबंदात कुठेच नाही. त्यांचे पावणेचार लाख धाकट्याकडे राहिले, आणि दोघांपैकी कोणाच्याही मनात खोट नव्हती. आपल्याकडे असे वाटे घरच्या घरी, पुस्तक बघून होतात, म्हणून हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

मजुरीवर डाळ करून देत असाल तर भावही चुकतो. वर्षाला 30 हजार क्विंटल माल निघत असेल तर यंदा ड्रायरचा बोजा क्विंटलमागे 30 रुपये दिसेल, आणि पुढच्या वर्षी शून्य. खरा बोजा दरवर्षी 5 रुपये आहे. शून्य धरून दर ठरवला तर गिऱ्हाईक खूश होईल, पण सहा वर्षांनी ड्रायर पुन्हा खोलायची वेळ येईल तेव्हा त्यासाठी दरातून काहीच वसूल झालेलं नसेल.

आता टॅक्स. तो वेगळा हिशेब आहे. आयकरात पुस्तकातली नोंद अंतिम नसते. सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये केदारनाथ ज्यूटच्या प्रकरणात तसं म्हटलं आहे. तेव्हा टॅक्ससाठी पुस्तकातला नफा बिघडवायचं कारण नाही. मात्र 'टॅक्स वाचला' हेही इतक्यात धरू नका. 1961 च्या कायद्याच्या कलम 31 मध्ये सवलत होती ती 'चालू दुरुस्ती'ला, आणि भांडवली खर्च त्यात येत नाही हे स्पष्ट लिहिलेलं होतं. सरवणा स्पिनिंग मिल्सच्या 2007 च्या निकालात न्यायालयाने रिंग फ्रेम हे स्वतंत्र यंत्र मानलं आणि ते बदलणं म्हणजे गिरणीची चालू दुरुस्ती नव्हे असं ठरवलं. तुमचा अख्खा ड्रायर बदलला असता तर हाच निकाल आडवा आला असता. जुन्या ड्रायरचे मोठे भाग बदललेत, त्यामुळे वाद दोन्ही बाजूंनी होऊ शकतो. सीएंना कामाचं तपशीलवार बिल दाखवून विचारा.

यंदाची पुस्तकं अजून बंद झाली नसतील तर दिवाणजींना सांगा: दुरुस्ती खात्यातले 9 लाख यंत्रसामग्री खात्यात वळवा आणि दीड लाख घसारा लावा. काढून टाकलेल्या जुन्या भागांची किंमत पुस्तकात शिल्लक असेल तर तीही उडवा, नाहीतर एकाच ड्रायरचा सांगाडा दोनदा दिसेल. पुस्तकं बंद होऊन हिशेब मंजूर झाले असतील तर पुढच्या वर्षी ही दुरुस्ती 'मागील कालावधीची बाब' म्हणून वेगळी दाखवा. चालू वर्षाच्या नफ्यात ती गुपचूप मिसळू नका, कारण मग ते वर्षही बिघडेल.