फोटोखालची एक ओळ

आमच्या घरी दिवाळीची कामे वर्षानुवर्षे वाटून दिलेली आहेत. किल्ला भाच्याकडे, आकाशकंदील धाकट्या भावाकडे, फराळ आईच्या देखरेखीखाली घरातल्या सगळ्या बायकांकडे, आणि पाडव्याला सगळ्यांचा मिळून जो फोटो काढला जातो त्याच्याखाली काय लिहायचे, हे माझ्याकडे. मी बत्तीस वर्षे सरकारी कचेरीत मसुदे लिहिले, एवढ्या एकाच पात्रतेवर हे काम माझ्या गळ्यात पडले आहे. ‘वरील विषयास अनुसरून’ अशी सुरुवात करता येत नसेल तर माझा हात चालत नाही, हे मी घरच्यांना अनेकदा सांगून पाहिले. परंतु एकदा सोपवलेले काम परत घेण्याची पद्धत कचेरीत नव्हती, तशी ती घरातही नाही.

गेल्या वर्षी ‘दिपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढे लिहून मी मोकळा झालो होतो. पाठवलेला मजकूर दुरुस्त करायला व्हॉट्सअ‍ॅप पंधरा मिनिटे देते. आमचे काका निवृत्त संस्कृत शिक्षक आहेत आणि ते पूजा आटोपून मोबाइल हातात घेतात तेव्हा नेमके विसावे मिनिट उजाडलेले असते. “दिवाळीतला ‘दि’ ऱ्हस्व, दीपावलीतला ‘दी’ दीर्घ,” त्यांनी नातेवाइकांच्या सगळ्या गटासमक्ष लिहिले, “दीप हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे. त्याची वेलांटी तू कोणत्या अधिकारात आखूड केलीस?” फोटो काढून टाकावा, तर तिथे तो काढून टाकल्याची पाटी उरते आणि न पाहिलेल्या साठ माणसांना ‘काय होते, काय होते’ असे विचारण्याचा हक्क मिळतो. म्हणून ती ऱ्हस्व वेलांटी वर्षभर तशीच राहिली.

यंदा काम अधिक नाजूक होते, कारण मुलीचा पहिला दिवाळसण होता. जावईबापू सांगलीला आमच्या घरी आलेले, म्हणजे फोटो आमच्या गटापुरता न राहता व्याह्यांकडे जाणार, तिथून त्यांच्या गोतावळ्यात फिरणार. मुलीने सकाळीच बजावले, “बाबा, जरा वेगळं लिही. ‘दिव्यांचा सण, आनंदाचा क्षण’ असलं काही नको. वाचल्यावर आपलं घर दिसलं पाहिजे.” तिची पाठ वळते न वळते तोच आई म्हणाली, “काही तरी देवाधर्माचं लिही हो. सणाचा फोटो आहे, सहलीचा नाही.” या दोन आज्ञांच्या मधल्या चिंचोळ्या बोळातून मला जायचे होते.

प्रथम मी परंपरेचाच आश्रय घेतला, कारण श्लोकात शुद्धलेखनाची जबाबदारी पूर्वजांची असते. ‘तमसो मा ज्योतिर्गमय’ ही ओळ दिव्याला शोभते आणि कुणाला लागत नाही, असे मला वाटले होते. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. हे वाक्य बृहदारण्यक उपनिषदातले, सोमयागात यजमानाने जपायचे, त्याचा दिवाळीशी मुळात संबंध नाही, असे त्यांनी सांगितले. तेवढ्यावर थांबते तर ते काका कसले? “आणि त्याच ठिकाणी पुढे उपनिषदाने अर्थही देऊन ठेवला आहे. मृत्यू हाच अंधार, आणि अमृत हीच ज्योती. म्हणजे तू मृत्यूकडून अमरत्वाकडे ने, असं म्हणतो आहेस.” फोटोच्या मध्यभागी खुर्चीवर बसलेली माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ती शांतपणे म्हणाली, “मला एवढ्यात कुठं नेऊ नका म्हणावं. भाऊबीज व्हायची आहे.”

मग मी ‘शुभं करोति’ घेतले. ते रोज संध्याकाळी दिवा लावताना म्हणतातच, त्यात दीपज्योतीला सरळ नमस्कारही आहे. पण ते पूर्ण लिहिले की ‘शत्रुबुद्धिविनाशाय’ येते, आणि पत्नीने फोटो कोणाकोणाला जाणार आहे याची आठवण करून दिली. “अहो, विहीणबाई पहिल्याच दिवाळीत वाचणार. शत्रू कोण, असं त्यांनी विचारलं तर काय सांगाल?” लग्नातल्या मानपानावरून जे थोडे झाले होते ते आता कुठे विरू लागले होते, तेव्हा मी तो श्लोक मुकाट्याने मिटवला.

बहिणीची सूचना तिथीला धरून होती, हे मान्य केले पाहिजे. पाडवा म्हणजे बलिप्रतिपदा, बळीराजाच्या पूजेचा दिवस, आणि त्या दिवशी ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. फोटोखालच्या ओळीत मी सर्वप्रथम हेच पाहतो की ती नेमक्या त्या दिवसाची आहे की वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत कुठेही चिकटवता येईल अशी आहे. ही ओळ त्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. मी ती टंकलिखितही केली. मुलीने मात्र फोटो आणि ओळ एकत्र पाहिली आणि तिचा चेहरा उतरला, कारण फोटोत सगळ्यांच्या पुढे, रिकामी ताटली हातात घेऊन, काहीसे गांगरलेले जावईबापू उभे होते. “बाबा, यांच्या डोक्यावर ‘बळीचे राज्य’ असं दिसतं आहे. सासरवाडीत पहिल्याच सणाला बळी दिला, असं लोक म्हणतील.” जावईबापू “नाही, नाही, चालेल की,” असे म्हणत राहिले, पण त्यांनी ताटली खाली ठेवली.

आता मूळ फोटोकडे यायला हवे. त्या दिवशी आम्ही त्रेचाळीस फोटो काढले. पहिल्या बेचाळिसांत सगळे जण नव्या कपड्यांत ओळीने उभे आहेत आणि एकाही फोटोत सगळ्यांचे डोळे उघडे नाहीत. त्रेचाळिसावा भाच्याने स्वयंपाकघराच्या दारातून, कुणाला न सांगता काढला. त्यात आई गॅससमोर खुर्ची घेऊन बसली आहे, तिच्या हातात झारा आहे, आणि खांद्यांवरून कढईत डोकावणारी आम्ही अकरा माणसे तोंड उघडून हसत आहोत. कढईत अनारसा आहे, किंवा होता.

ज्यांच्या घरी अनारसे होत नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, मग उपसून कपड्यावर पसरायचे आणि अंगात ओल असतानाच दळून बारीक चाळायचे. या पिठात आमच्याकडे त्याच्या वजनाइतका किसलेला गूळ आणि थोडे तूप मळून गोळे डब्यात काही दिवस मुरवत ठेवतात. तळायच्या वेळी खसखशीवर थापायचा, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेच्या तुपात सोडायचा, आणि तो उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचे. सगळे जमले तर त्याला जाळी पडते. गूळ प्रमाणाबाहेर गेला, तर अनारसा तुपात पडताच पसरतो, त्याला भोके पडतात, कडा सुटतात आणि पाहता पाहता तो कढईभर होतो. याला आपल्याकडे अनारसा ‘हसला’ असे म्हणतात. हा शब्द कुणी काढला त्याला माझा नमस्कार, कारण ज्या बाईने आठ दिवस त्या पिठाची राखण केली तिच्या तोंडावर तो पदार्थ खरोखरच हसत असतो. पिठात कोरडे तांदळाचे पीठ घालून तो सावरता येतो; आमच्याकडे ते शिल्लक नव्हते.

त्या दिवशी पहिला हसला. आईने आच कमी केली. दुसरा हसला. तिसरा सोडताना सगळे घर श्वास रोखून भोवती जमले होते, आणि तो इतका मोकळेपणाने हसला की आईच प्रथम “हसला गं बाई!” म्हणून हसू लागली, आणि त्याच क्षणी भाच्याने बटण दाबले.

रात्री अकराच्या सुमारास, दोन श्लोक आणि एक बळी खर्ची पडल्यावर, मी तो फोटो मोठा करून पाहत होतो. झाऱ्यावरून निथळणारे तूप, आईच्या नऊवारीच्या पदरावर उडालेली खसखस, आणि कढईच्या मधोमध तो पसरलेला तपकिरी नकाशा. मी लिहिले: ‘पाडवा. यंदा अनारसे हसले, मग आम्हीही हसलो.’ त्यात सणाचा दिवस होता, आजीपणजीच्या तोंडचा शब्द होता, आणि ते दुसऱ्या कोणत्याही घराच्या फोटोखाली लावता आले नसते. शिवाय ‘दीपावली’ हा शब्द त्यात कुठेच नव्हता. मुलगी टाळ्या वाजवायचीच बाकी राहिली. काकांनी दोनदा वाचले, ऱ्हस्व-दीर्घ तपासले आणि नाइलाजाने मान हलवली.

आई मात्र उठून बसली. “हे जाणार विहीणबाईंकडं?”

“हो.”

“पन्नास वर्षं अनारसे करते आहे मी. एकदा हसले, ते तू गावाला सांगणार?”

तेव्हा माझ्या लक्षात आले की ज्या शब्दामुळे ती ओळ आमची झाली होती, तोच शब्द आईच्या नावाला बट्टा लावत होता. श्लोकाने कुणाची अब्रू जात नाही, हाच त्याचा मोठा गुण आहे. मी ओळ मऊ करून पाहिली. ‘अनारसे’च्या जागी ‘फराळ’ घातले, तर फराळ हसत नाही. ‘काही अनारसे’ असे लिहिले, तर ते लेखापरीक्षणाच्या आक्षेपासारखे वाचले जाऊ लागले. शेवटी मी ते सगळे पुसून ‘दीपावलीच्या’ असा दीर्घ वेलांटीचा शब्द लिहायला घेतला, तेवढ्यात आई म्हणाली, “थांब. आधीचंच राहू दे. पण लिहायचं तर सगळं लिही. गूळ कुणी मोजला होता?”

खोलीत शांतता पसरली. गूळ मी मोजला होता. अधिक अचूक सांगायचे तर, मी गूळ बरोबर मोजला होता. पीठ मात्र डब्यासकट काट्यावर ठेवले होते आणि डब्याचे दोनशे ग्रॅम वजा करायचे राहून गेले होते. काट्याने एक किलो दाखवले म्हणून आठशे ग्रॅम पिठात मी एक किलो गूळ किसून दिला. ही गोष्ट मला तळण्याच्या दिवशी, तिसऱ्या अनारशाच्या सुमारास उमगली होती, आणि ती उघड करण्यास तो प्रसंग योग्य नाही, असे माझे मत झाले होते. आईला ती डबा पाहूनच कळली असावी.

रात्री साडेअकरा वाजता फोटो गेला. खाली लिहिले होते: ‘पाडवा. यंदा अनारसे हसले, मग आम्हीही हसलो. (गूळ मोजणारे गृहस्थ उजवीकडून दुसरे.)’

पंधरा मिनिटे संपेपर्यंत मी घड्याळाकडे पाहत होतो. सोळाव्या मिनिटाला विहीणबाईंचे उत्तर आले. “आमच्याकडेही हसले. फोटो काढायचं मात्र सुचलं नाही.”

मी ते मोठ्याने वाचून दाखवले. आईने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतले आणि डोळे मिटता मिटता म्हणाली, “त्यांच्याकडं गूळ कुणी मोजला, विचार.”