टार्गेट साइनच्या फॉरवर्डबद्दल खुलासा

"बाळाच्या सोनोग्राफीत टार्गेट दिसलं म्हणजे आतड्यात आतडं गेलंय, लगेच ऑपरेशन!"

असा फॉरवर्ड फिरतोय, पण असं नसतं हो. टार्गेट म्हणजे सोनोग्राफीत दिसणारी एकात एक गोल वर्तुळं. मी रेडिओलॉजीतच आहे, रोज हे बघतो. पायलोरसचा, म्हणजे जठर जिथे आतड्याला जोडतं तिथला, स्नायू जाड झाला तरी आडव्या छेदात तसंच गोल दिसतं. समजा पाच आठवड्यांचं बाळ, दूध पिलं की जोरात उलटी, पण हिरवी नाही, आणि पित्ताशयाजवळ एका बाजूचा स्नायू ४ मिमी भरला (३ च्या वर जाड धरतात), तर ते पायलोरिक स्टेनोसिस, म्हणजे जठरातून पुढे जायची वाट अरुंद होणं. नुसता आकुंचनाने जाड वाटत असेल तर थोड्या वेळाने परत बघायचं, सैल पडतो.

आतड्यात आतडं बहुतेक सहा-आठ महिन्यांच्या बाळात, उजवीकडे, अडीच-तीन सेंमीचं टार्गेट, आणि तेही बऱ्याचदा हवेच्या एनिमाने सुटतं. प्लीज तो वरचा फॉरवर्ड पुढे पाठवू नका.